पायऱ्यांच्या आलेखाचा फोटो वाचताना संभाव्यता चुकते? कुठे आणि कशी पकडायची

सगळी लक्षणं एकाच उदाहरणावर दाखवतो, म्हणजे आकडे ताडून बघता येतील. पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं एखादं द्राक्षांचं पॅकहाऊस धरा. ५ किलोची पेटी, आत अर्ध्या किलोचे १० छोटे डबे, म्हणजे पनेट. ४० पेट्या उघडल्या आणि प्रत्येक पेटीत तडकलेले मणी असलेले पनेट किती निघाले ते मोजलं. ही संख्या म्हणजे X. तिच्या संचयी वितरणाचा, म्हणजे ‘x किंवा त्याहून कमी’ची संभाव्यता दाखवणारा, पायऱ्यापायऱ्यांचा आलेख छापून फळ्यावर चिकटवला, कुणीतरी त्याचा मोबाईलनं फोटो काढला आणि तो व्हॉट्सॲपवरून तुमच्यापर्यंत आला. मूळ आकडे हाताशी नाहीत, फोटो तेवढा आहे. त्यावरून प्रत्येक किमतीची संभाव्यता काढायची आहे.

लक्षणं

संभाव्यतांची बेरीज १ च्या कितीतरी वर जाते. या उदाहरणात ती ३.८५ येते. हे सगळ्यात ढोबळ लक्षण, आणि सगळ्यात लवकर बरं होणारं.

बेरीज १ पेक्षा कमी, नेमकी ०.६० येते आणि उरलेले ०.४० कुठे गेले ते कळत नाही.

X ची किंमत पूर्णांकच असू शकते, तरी ‘२.५ ची संभाव्यता ०.८५’ असं काहीतरी वहीत लिहिलं जातं.

‘२ पेक्षा कमी’ आणि ‘२ किंवा कमी’ या दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, किंवा दोन्ही उत्तरं एकमेकांच्या जागी बसतात.

एखादी संभाव्यता ऋण निघते.

आणि शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं: बेरीज बरोबर १ येते, सगळं जागच्या जागी दिसतं, पण सरासरी १.३ यायची तिथे ०.६ येते. यात बहुतेक वेळा चूक वाचणाऱ्याची नसते, आलेख काढणाऱ्याची असते. त्याकडे नंतर येऊ.

१. उभा अक्ष काय सांगतो?

यात पैसे आणि वेळ काहीच जात नाही, म्हणून सुरुवात इथून. उभ्या अक्षावर ० ते १ आहे की ० ते ४०? ४० असेल तर तो संचयी वारंवारतेचा आलेख आहे, प्रत्येक उंचीला ४० नं भागल्याशिवाय पुढे जाऊ नका. पायऱ्या डावीकडून उजवीकडे चढतात की उतरतात? उतरत असतील तर तो ‘x पेक्षा जास्त’चा आलेख आहे. तो चढता समजून वजाबाकी केली की संभाव्यता ऋण येतात. ऋण उत्तराचं नेहमीचं कारण हेच. प्रत्येक उंची १ मधून वजा करा, नेहमीचा आलेख परत मिळतो.

अक्ष ० पासूनच सुरू होतो का, तेही बघून घ्या. कागद वाचवायला अक्ष ०.३ पासून सुरू करण्याची सवय अनेकांना असते. अशा आलेखात सगळ्यात खालची पायरी जमिनीला टेकल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती ०.४० वर असते.

२. उंची वाचताय की उडी?

पायरी म्हणजे आडवा सपाट भाग. उडी म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाताना लागणारी उभी चढण. पायरीची उंची ‘आत्तापर्यंत एकूण किती’ एवढंच सांगते. एकेका किमतीची संभाव्यता उडीत असते.

आपल्या आलेखात पायऱ्यांच्या उंच्या ०.४०, ०.६५, ०.८५, ०.९५ आणि १ आहेत. उड्या ०, १, २, ४ आणि ५ या किमतींवर. उंच्याच संभाव्यता समजून बेरीज केली की ३.८५ येतात, पहिलं लक्षण मिटलं. शेजारच्या उंच्यांची वजाबाकी केली की १ ची संभाव्यता ०.२५, २ ची ०.२०, ४ ची ०.१० आणि ५ ची ०.०५ मिळते. यांची बेरीज ०.६०; दुसरं लक्षण. राहिलेले ०.४० म्हणजे X = ० वरची पहिली उडी. ती शून्य उंचीपासून ०.४० पर्यंत जाते, पण बऱ्याच आलेखांत काढलेलीच नसते. रेघ सरळ ०.४० च्या उंचीवर हवेतच सुरू होते. त्यामुळे पहिली उडी आलेखात शोधत बसू नका. पहिल्या पायरीची पूर्ण उंची हीच पहिली संभाव्यता.

२ पासून ४ पर्यंत एक लांबलचक पायरी आहे, ३ वर उडी नाही. म्हणजे ४० पैकी एकाही पेटीत नेमके तीन खराब पनेट निघाले नाहीत, आणि ३ ची संभाव्यता ०. इथे काही जण ३ साठी ०.८५ लिहितात. २.५ लाही त्याच कारणानं ०.८५ लिहिलं जातं. आलेखाची २.५ वरची उंची, म्हणजे F(२.५), ०.८५ आहे हे खरं, पण तो ‘२.५ किंवा त्याहून कमी’चा आकडा आहे. पायरीच्या सपाट भागावर कुठल्याही किमतीची संभाव्यता शून्यच.

३. ठिपका भरीव की पोकळ?

उडीच्या जागी एकाच x वर दोन उंच्या दिसतात. व्याख्या F(x) = P(X ≤ x) अशी असल्यामुळे x ची स्वतःची संभाव्यता F(x) मध्ये धरलेली असते. म्हणून भरीव ठिपका वरच्या पायरीच्या डाव्या टोकाला, आणि पोकळ ठिपका खालच्या पायरीच्या उजव्या टोकाला.

२ वर बघा. भरीव ठिपका ०.८५ वर, पोकळ ०.६५ वर. ‘२ किंवा कमी’साठी भरीव वाचायचा: ०.८५. ‘२ पेक्षा कमी’साठी पोकळ: ०.६५. ‘किमान २’ विचारलं तर १ मधून पोकळ वजा करायचा, म्हणजे ०.३५. इथे हमखास ०.१५ लिहिलं जातं, कारण ‘किमान’ मध्ये २ स्वतः येतो हे ध्यानात राहत नाही. ‘२ ते ४, दोन्ही धरून’ म्हणजे ४ चा भरीव वजा २ चा पोकळ: ०.९५ − ०.६५ = ०.३०. उड्यांनी ताळा करा: ०.२० + ० + ०.१० = ०.३०, जमलं. ‘२ आणि ४ च्या मध्ये, दोन्ही सोडून’ म्हणजे ४ चा पोकळ वजा २ चा भरीव, ०.८५ − ०.८५ = ०. लांब पायरी तेच सांगत होती.

फोटोत पोकळ ठिपका शाई पसरल्यासारखा भरीव दिसतो, ही नेहमीची अडचण. एक ठिपका स्पष्ट दिसला तरी पुरतं, कारण एकाच आलेखात नियम सगळ्या उड्यांना सारखाच असतो. एकही स्पष्ट नसेल तर वरचा भरीव धरा. एक अपवाद आहे: रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांच्या परंपरेतल्या जुन्या रशियन पुस्तकांत F(x) ची व्याख्या P(X < x) अशी आहे, तिथे खालचा ठिपका भरीव असतो. असा आलेख समोर आला तर त्याला चूक ठरवण्याआधी व्याख्या बघा. उड्यांची उंची दोन्हीकडे सारखीच राहते, फरक पडतो तो फक्त ‘किंवा कमी’ आणि ‘पेक्षा कमी’ यांच्या वाचनात.

४. मूळ फोटो मागवा

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो बारीक करतं. ज्यानं फोटो काढला त्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. एका मेसेजचं काम आहे, पण पुढची मोजमापं करत बसण्याआधी करून टाका. अर्धे पोकळ ठिपके इथेच पोकळ होतात.

फोटो नव्यानं काढता येत असेल तर मोबाईल कागदाला समांतर, आलेखाच्या मध्यासमोर धरायचा. जवळ जाऊन काढण्यापेक्षा जरा लांबून काढून मग क्रॉप केलेला बरा, तिरकेपणा कमी राहतो. फ्लॅश बंद. चकचकीत कागदावर नेमकी एखादी उडी फ्लॅशच्या पांढऱ्या डागाखाली जाते.

५. अंदाज सोडा, मोजा

इथून कष्ट वाढतात. ०.९५ आणि ०.९० यांतला फरक डोळ्यानं ठरवू नका. फोटो विंडोजच्या पेंटमध्ये उघडा. माऊसचा बाण नेला की खालच्या पट्टीत त्या जागेचे पिक्सेल दिसतात. दुसरा आकडा उभ्या दिशेचा, आणि तो वरून खाली वाढत जातो, आलेखाच्या उलट. त्यामुळे नेहमी शून्याच्या खुणेच्या आकड्यातून पायरीचा आकडा वजा करायचा. बाण रेघेच्या मध्यावर ठेवा, कधी वरच्या कडेला तर कधी खालच्या असं नको.

आपल्या फोटोत ० ची खूण ११८० वर आणि १ ची खूण ३८० वर आहे असं धरा. म्हणजे पूर्ण १ साठी ८०० पिक्सेल, आणि एका पेटीसाठी २०. मोजणी अशी:

| X | पायरीचा पिक्सेल | उंची | ४० नं गुणून | जवळचा पूर्णांक |
|---|---|---|---|---|
| ० | ८६२ | ०.३९८ | १५.९ | १६ |
| १ | ६५७ | ०.६५४ | २६.२ | २६ |
| २ | ५०३ | ०.८४६ | ३३.९ | ३४ |
| ४ | ४२१ | ०.९४९ | ३८.० | ३८ |
| ५ | ३८० | १.००० | ४०.० | ४० |

आता वजाबाकी: १६, १०, ८, ४, २ पेट्या. ४० नं भागलं की ०.४०, ०.२५, ०.२०, ०.१०, ०.०५.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी उंच्या पूर्णांकावर आणायच्या, मग वजाबाकी. उलट केलं तर एका उडीत दोन वाचनांच्या चुका एकत्र येतात. एक उंची ३ पिक्सेल वर आणि दुसरी ३ पिक्सेल खाली वाचली की उडी ६ पिक्सेलनं चुकते. पूर्णांकावर आणण्यासाठी एकूण पेट्या ४० होत्या हे मात्र ठाऊक असायला हवं. माहीत नसेल तर संख्या मनानं ठरवू नका, दोन दशांश स्थळांपर्यंतचं उत्तर लिहा आणि थांबा.

फोटो तिरका असेल तर एकच पट्टी वरपासून खालपर्यंत चालत नाही. अक्षावरच्या खुणांमधली अंतरं मोजून बघा. मोबाईल खाली धरून वरच्या कागदाचा फोटो काढला असेल तर वरच्या खुणा दाटीनं येतात. समजा अशा फोटोच्या प्रिंटवर ० ते ०.२ मध्ये १८ मिलिमीटर, मग १७, १६, १५ आणि ०.८ ते १ मध्ये १४ भरले. दुसरी पायरी ०.६ च्या खुणेच्या वर ४ मिलिमीटरवर आहे. पूर्ण अक्ष एकसारखा धरला तर ती तळापासून ५५ मिलिमीटर, एकूण लांबी ८०, म्हणजे उंची ०.६८७५. चाळिसानं गुणलं की २७.५. साडेसत्तावीस पेट्या असं काही नसतं. त्याऐवजी तिच्या लगतच्या दोन खुणाच धरा: ०.६ अधिक ०.२ चे ४/१५, म्हणजे ०.६५३, पेट्या २६. त्याच फोटोवरून, त्याच पट्टीनं मोजलेलं बरोबर उत्तर.

उजवीकडची पायरी डावीकडच्या अक्षाशी जुळवताना फोटोची कड आधाराला घेऊ नका, आलेखाच्या चौकटीची आडवी रेघ घ्या. फोटो किंचित कलला असेल तर कडेनं वाचलेली प्रत्येक पायरी उजवीकडे जाताना घसरत जाते.

६. आलेखच सरकला आहे का?

वाचन चोख, बेरीज १, तरी सरासरी भलतीच येते, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये `plt.step` ला काही सांगितलं नाही तर ते `where='pre'` धरतं. तेव्हा प्रत्येक उंची आपल्या x च्या डावीकडे पसरते, आणि प्रत्येक उडी आपल्या आधीच्या नोंदलेल्या किमतीवर पडते. हवं होतं ते असं:

```
plt.step(x, F, where='post')
```

आपला आलेख चुकीच्या पद्धतीनं काढला असता तर ० वरच ०.४० पासून ०.६५ पर्यंत उभी रेघ दिसली असती, मग १ वर ०.८५, २ वर ०.९५ आणि ४ वर १. वाचणारा ० ला ०.६५, १ ला ०.२०, २ ला ०.१०, ४ ला ०.०५ देऊन मोकळा. बेरीज १. सरासरी ०.२० + ०.२० + ०.२० = ०.६०, खरी १.३०. पॅकहाऊसच्या भाषेत, खराब पनेट निम्म्याहून कमी दिसले.

ओळखायची खूण दोन टोकांना असते. रेघ ज्या बिंदूपासून सुरू होते तिथून ती आधी आडवी गेली पाहिजे. सुरुवातीलाच हवेतून उभी चढली तर संशय घ्या. आणि शेवटच्या किमतीवर, इथे ५ वर, उडी हवी. रेघ ५ पाशी १ च्या उंचीवर नुसती सपाट संपत असेल आणि ५ हा आकडा आडव्या अक्षावर मुद्दाम घेतलेला असेल, तर आलेख डावीकडे सरकलेला आहे.

एक्सेलच्या रेषा-आलेखाची तऱ्हा वेगळी. तो ठिपके तिरप्या रेघांनी जोडतो आणि पायऱ्याच राहत नाहीत. तिथे रेघांकडे दुर्लक्ष करा, ठिपक्यांच्या उंच्या घ्या आणि वजाबाकी करा. तिरप्या रेघेवरून २.५ पाशी वाचलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

७. बेरीज १ आली म्हणून निर्धास्त राहू नका

हा ताळा जवळजवळ सगळेच करतात आणि तो जवळजवळ काहीच पकडत नाही. संभाव्यता शेजारच्या उंच्यांच्या वजाबाकीनं काढल्या की बेरीज करताना मधल्या सगळ्या उंच्या एकमेकींना खाऊन टाकतात, उरते फक्त शेवटची उंची. दुसरी पायरी ०.६५ ऐवजी ०.७० वाचा: १ ची संभाव्यता ०.३० होईल, २ ची ०.१५, आणि बेरीज तरीही १. म्हणजे बेरीज फक्त शेवटची पायरी १ वर पोहोचली आणि पहिली उडी धरली गेली एवढंच सांगते.

खरा ताळा सरासरीचा. X ऋण नसेल तर पायऱ्यांच्या वर आणि १ च्या रेघेच्या खाली, ० पासून उजवीकडे जी जागा उरते तिचं क्षेत्रफळ म्हणजेच सरासरी. इथे एकेक घराची उरलेली उंची ०.६०, ०.३५, ०.१५, ०.१५, ०.०५ अशी आहे. ३ चं घर रिकामं असलं तरी त्याची पट्टी मोजायचीच, नाहीतर ०.१५ कमी पडतात. बेरीज १.३०. संभाव्यतांवरून काढली तर ०.२५ + ०.४० + ०.४० + ०.२५, तीही १.३०. पण हे दोन्ही आकडे त्याच वाचनातून आलेले आहेत, त्यामुळे ते जुळले तर एवढंच कळतं की वजाबाकी नीट झाली आणि एखादं घर सुटलं नाही. वाचन तपासायचं तर सरासरी बाहेरून मिळायला हवी. ४० पेट्यांत मिळून ५२ खराब पनेट निघाले होते एवढा एकच आकडा कुणी फोनवर सांगितला तरी काम होतं: ५२ भागिले ४०, १.३०. दुसरी पायरी ०.७० वाचली असती तर सरासरी १.२५ आली असती आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

एका पेटीची उंची आलेखाच्या रेघेच्या जाडीच्या तिप्पट तरी भरते का बघा. वरच्या फोटोत पेटी २० पिक्सेलची, रेघ ४-५ ची, काही अडचण नाही. तोच आलेख फोटोत १२० पिक्सेल उंच आला असेल तर पेटी ३ पिक्सेलची आणि रेघही तेवढीच. तिथे एका पेटीची उडी रेघेत विरघळून जाते आणि कितीही मोठा करून बघितला तरी परत येत नाही.

उंच्या ४० नं गुणल्यावर आकडे वारंवार पूर्णांकांच्या अधेमधे, ०.४ ते ०.६ च्या आसपास अडकत असतील, तर पेट्यांची संख्या ४० नव्हती किंवा फोटोचा तिरकेपणा तुमच्या हाताबाहेरचा आहे. दोन्हींत मोजत राहून उपयोग नाही. ० किंवा १ ची खूण कापली गेली असेल आणि दुसऱ्या दोन खुणाही वाचता येत नसतील तरी तेच. या तिन्ही वेळी आलेख ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ आकडे मागा. पॅकहाऊसमध्ये ते तपासणीच्या वहीत असतात आणि पाच ओळींचे असतात.

आलेखात उड्याही आहेत आणि मध्ये खरोखरच चढत जाणारा वक्र भागही आहे, असं दिसलं तर संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे जा. ते मिश्र वितरण असू शकतं. त्यात उडी म्हणजे संभाव्यता हा नियम फक्त उड्यांपुरता चालतो. चढत्या भागात कुठल्याही एका किमतीची संभाव्यता शून्य असते आणि वरचं कोष्टक तिथे लागू पडत नाही. आणि या आकड्यांवरून माल उचलायचा की परत पाठवायचा हे ठरणार असेल, तर फोटो कितीही स्वच्छ असला तरी वहीच मागवा.